गुगलवरची पाटी: मोहल्ल्यातल्या दवाखान्याबद्दल काय लिहावं

(मोहल्ल्यात दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि त्यांना मदत करणारे तरुण कार्यकर्ते यांच्या बैठकीतील भाषण)



मी इंजिनियर आहे, औषधातलं मला काही कळत नाही. माझा विषय दवाखान्याच्या दारावरच्या पाटीचा आहे. एक पाटी दारावर असते, ती रंगारी करून देतो. दुसरी आता गुगलवर असते आणि ती बहुतेक दवाखान्यांत कोणीच लिहिलेली नसते. नाव, नकाशावरचा लाल ठिपका आणि एखादा जुना फोन नंबर, एवढ्यावर ती उभी असते. कधी तर ती डॉक्टरांनी बनवलेलीही नसते, कुठल्यातरी पेशंटने नकाशावर जागा टाकलेली असते. आज आपण या पाटीतल्या दोनच गोष्टी पाहणार आहोत. एक, दवाखान्याचं वर्णन. दोन, वेळोवेळी टाकायच्या छोट्या सूचना, ज्यांना गुगल पोस्ट म्हणतं.

ही पाटी कोण वाचतो, हे आधी ठरवलं पाहिजे. तुमचा वीस वर्षांचा पेशंट ती वाचत नाही. त्याला तुमचं दार माहीत आहे, तो थेट येतो. वाचतो तो नवा माणूस. कोंढव्यात गेल्या महिन्यात भाड्याने राहायला आलेलं जोडपं, कॉट बेसिसवर राहणारा नोकरदार मुलगा, मराठवाड्यातून कामाला आलेला वॉचमन, बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. या माणसाला ताप आलेला असतो किंवा त्याच्या मुलाला आलेला असतो. तो फोनवर ‘दवाखाना’, ‘डॉक्टर निअर मी’, ‘लेडी डॉक्टर कोंढवा’ असं काहीतरी टाइप करतो. बहुतेक वेळा गुगल त्याला वर तीन नावं दाखवतं. तो तिन्ही उघडतो, वाचतो आणि एकाकडे निघतो. सगळा मिळून दोन-तीन मिनिटांचा कारभार. आपण लिहायचं ते त्या दोन-तीन मिनिटांसाठी.

आता एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण त्यावर पैसे उकळणारे लोक तुमच्याकडे येऊन गेले असतील. जवळच्या जागांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो असं गुगल स्वतः सांगतं: शोधलेल्या शब्दांशी तुमची जागा किती जुळते, शोधणारा किती अंतरावर आहे, आणि जागा किती परिचित आहे. परिचित म्हणजे तिच्याबद्दल किती लिहिलं-बोललं गेलंय, किती रिव्ह्यू आहेत, वगैरे. पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही, हेही गुगलनेच लिहून ठेवलं आहे. वर्णनात ‘बेस्ट डॉक्टर’ दहा वेळा कोंबून क्रम वर जात नाही. शब्द जुळण्याचं काम वर्णनापेक्षा कॅटेगरी जास्त करते. तिथे मुख्य एक आणि जास्तीच्या नऊ कॅटेगरी निवडता येतात. एकट्या एमबीबीएस डॉक्टरच्या दवाखान्यासाठी मुख्य कॅटेगरी `General practitioner` किंवा `Medical clinic`. या कॅटेगरीचा आणखी एक फायदा असा की बघणाऱ्याच्या फोनची भाषा मराठी असेल तर ती मराठीत दिसते, हिंदी असेल तर हिंदीत. तिथे अनुवाद गुगल करतं, आपल्याला करावा लागत नाही.

मग वर्णन कशासाठी? तीन नावांतून एक निवडताना माणसाच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांना उत्तर देण्यासाठी. तेवढंच.

आता एक प्रत्यक्ष काम सांगतो. कौसरबागच्या बाजूला एका मॅडमचा दवाखाना आहे. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. एमबीबीएस आहेत, एकट्या बसतात, मदतीला एक कंपाउंडर चाचा. त्यांच्या पाटीवर एका एजन्सीने लिहून दिलेलं वर्णन होतं. त्याचा मराठी अर्थ असा: ‘कोंढव्यातील सर्वोत्तम आणि सर्वात विश्वासार्ह क्लिनिक, जागतिक दर्जाची सेवा, अनुभवी तज्ज्ञ डॉक्टर, सर्व आजारांवर खात्रीशीर उपचार, आजच भेट द्या.’ दवाखान्याच्या नावाच्या रकान्यातही मूळ नावापुढे ‘बेस्ट लेडी डॉक्टर इन कोंढवा एनआयबीएम रोड’ असं शेपूट जोडलेलं होतं.

या मजकुरात किती अडचणी आहेत बघा. नावाचं शेपूट गुगलच्या नियमाविरुद्ध आहे. नाव तेच लिहायचं जे दारावरच्या पाटीवर आहे. कोणी तक्रार केली तर नाव दुरुस्त होतं किंवा अख्खी पाटीच निलंबित होते, आणि मग ती परत मिळवण्यासाठी कागदपत्रं दाखवत बसावं लागतं. ‘तज्ज्ञ’ हा शब्द डॉक्टरांच्या नियमाविरुद्ध आहे. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आहेत. त्यांनुसार त्या शाखेची खास पदवी नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. ‘सर्व आजारांवर खात्रीशीर’ हे तर त्याहून वाईट. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा ठरावीक आजारांवर अमुक औषधाने बरं करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने मनाई आहे. भिंतीवर ‘शुगर जड से खत्म’ लिहिणारे लोक त्या कायद्यात बसतात, आणि एजन्सीच्या एका वाक्यामुळे आपली एमबीबीएस मॅडम त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते.

पण माझी मुख्य हरकत वेगळीच आहे. ताप आलेल्या मुलाच्या आईला या वर्णनातून काहीही कळत नाही. डॉक्टर बाई आहे की पुरुष, लहान मुलं तपासतात का, आधी फोन करून वेळ घ्यावी लागते का, जिना चढावा लागतो का. यातलं एकही उत्तर नाही. शेजारच्या दोन दवाखान्यांचंही वर्णन असंच असेल तर ती बाई नाणं उडवूनच निवडणार.

म्हणून आम्ही लिहायला बसलो नाही, आधी ऐकायला बसलो. कंपाउंडर चाचांना एक वही दिली आणि सांगितलं की दोन आठवडे फोनवर आणि दारात नवा माणूस जे विचारेल ते एका ओळीत लिहा, तोच प्रश्न परत आला की पुढे फक्त रेघ मारा. चाचांनी हिंदीत, आपल्या पद्धतीने लिहिलं. सर्वात जास्त रेघा होत्या ‘अभी खुला है क्या’ला. त्यानंतर ‘लेडीज डॉक्टर हैं ना?’, ‘बच्चों को देखते हैं?’, ‘नंबर लगाना पड़ता है?’, ‘फीस कितनी है?’, आणि एक प्रश्न आम्हाला कोणालाच सुचला नसता: ‘ऊपर चढ़ना पड़ेगा क्या?’ गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या आईला घेऊन येणारी माणसं हे विचारत होती. आमचं वर्णन त्या वहीतून निघालं.

वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यातली साधारण पहिली २५० उघडी दिसतात, पुढचं वाचायला दाबावं लागतं. आता इथे देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब, माझ्या धंद्यातली. संगणक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजतो. ‘क्लिनिक’ आपल्या डोळ्यांना तीन-चार अक्षरांचं दिसतं, संगणकाला ते सात चिन्हांचं आहे. क, हलन्त, ल, वेलांटी, न, वेलांटी, क. म्हणजे हाताने अक्षरं मोजून २५० धरलीत तर वाक्य मध्येच तुटेल. रकान्याखाली जो आकडा दिसतो, त्यावरच विश्वास ठेवा.

आमचा पहिला भाग असा झाला:

‘कौसरबागजवळ, तळमजल्यावरचा फॅमिली दवाखाना. महिला डॉक्टर, एमबीबीएस. ताप, खोकला, पोटाच्या तक्रारी, लहान मुलांचे आजार, रक्तदाब आणि मधुमेहाची नियमित तपासणी. आधी वेळ घ्यावी लागत नाही; आल्यावर नंबर मिळतो. मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी बोलली जाते.’

ही २४० चिन्हं आहेत. चाचांच्या वहीतल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यात आली. स्वतःची स्तुती करणारं एकही विशेषण नाही. ‘मधुमेहाची नियमित तपासणी’ असं लिहिलंय, ‘मधुमेह बरा करतो’ असं नाही. दोन्हीत कायद्याचं अंतर आहे आणि प्रामाणिकपणाचंही.

दुसऱ्या भागात, म्हणजे दाबल्यावर दिसणाऱ्या मजकुरात, मॅडमनी सुरुवातीला नको म्हटलेली वाक्यं आहेत:

‘येथे एक्स-रे, सोनोग्राफी किंवा रुग्ण भरती करण्याची सोय नाही, गरज असल्यास चिठ्ठी देऊन पाठवले जाते. छातीत दुखणे, श्वास अडकणे, अपघात किंवा बेशुद्धी असल्यास येथे न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. दाराला पायरी नाही, चाकाची खुर्ची आत येते. चारचाकी लावायला समोर जागा नाही. रिक्षा दारापर्यंत येते.’

मॅडमचं म्हणणं असं होतं की जे नाही ते कशाला सांगायचं, पेशंट दुसरीकडे जाईल. माझं म्हणणं, तो पेशंट तसाही दुसरीकडे जाणार आहे, फक्त तुमच्या दारात वीस मिनिटं घालवून. छातीत कळ आलेल्या माणसाची ती वीस मिनिटं कशी असतात हे मी डॉक्टरांना सांगायला नको. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग ‘श्वास अडकणे’ हे शब्द त्यांनीच घातले, माझ्या मसुद्यात ते नव्हते.

या वर्णनात तुम्हाला दोन गोष्टी दिसणार नाहीत: वेळा आणि फी. त्या मुद्दाम सोडल्या आहेत. ज्या माहितीला स्वतंत्र रकाना आहे, ती वर्णनात लिहायची नाही. कारण उद्या वेळ बदलली की तुम्ही रकान्यात बदलाल आणि वर्णनात विसराल, मग एकाच पाटीवर दोन वेळा दिसतील. वेबसाइटचा पत्ता वर्णनात चालतच नाही, ऑफर आणि किमतींची जाहिरातही गुगलला तिथे नको असते. फी सेवांच्या यादीत, सेवेच्या नावासमोर लिहिता येते. फी जाहीर लिहायला डॉक्टर लाजतात. पण २००२ चेच नियम सांगतात की डॉक्टरने आपली फी दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावावी. जे फलकावर लावायचंच आहे ते इथे लपवून काय मिळणार? खिशात मोजके पैसे असलेला माणूस फी माहीत नसेल तर दवाखान्यात येतच नाही, मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेऊन घरी जातो.

वेळांच्या रकान्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण वहीत सर्वात जास्त रेघा तिथे होत्या. आपले बहुतेक दवाखाने दोन पाळ्यांत चालतात, सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ६ ते ९.३०. पाटीवर मात्र १० ते ९.३० अशी सलग वेळ टाकलेली असते, कारण भरणाऱ्याला दुसरी ओळ जोडता येते हे ठाऊक नसतं. मग दुपारी तीनला गुगल हिरव्या अक्षरांत ‘सुरू आहे’ दाखवतं. बाळाला छातीशी धरून एक बाई रिक्षा करून येते आणि शटर खाली. ती पुन्हा येत नाही, आणि जे चार शब्द ती शेजारणीला सांगते ते कुठल्याही पोस्टने पुसले जात नाहीत. त्याच दिवसात दुसरी वेळ जोडण्याची सोय आहे, ती वापरा. उलटही खरं आहे: शोधताना जी जागा उघडी आहे तिला गुगल पुढे आणतं. त्यामुळे काही जण चोवीस तास उघडं असल्याचं टाकतात. रात्री दोनला कोणी दार वाजवून गेला तर पहिला रिव्ह्यू तो लिहितो.

आता पोस्ट. हा भाग मला जास्त आवडतो, कारण इथे नियमांनीच आपल्याला विषय दिले आहेत.

२००२ च्या नियमांत डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढणं अनैतिक ठरवलं आहे. पण त्याच कलमात असंही म्हटलंय की काही गोष्टींची औपचारिक घोषणा डॉक्टर वृत्तपत्रातून करू शकतो. प्रॅक्टिस सुरू करताना, प्रॅक्टिसचा प्रकार बदलल्यास, पत्ता बदलल्यास, काही दिवस कामावर नसल्यास, पुन्हा रुजू झाल्यास, दुसऱ्याची प्रॅक्टिस हाती घेतल्यास, आणि फी जाहीर करण्यासाठी. नियम लिहिले तेव्हा वृत्तपत्र होतं, आज पेशंट फोन बघतो. शब्द वृत्तपत्राचा असला तरी मला ही यादी पोस्टच्या विषयांची सर्वात सुरक्षित यादी वाटते. होमिओपॅथी, आयुर्वेद आणि युनानीच्या मित्रांनी आपापल्या परिषदेचे नियम बघून घ्यावेत, रोख तोच आहे. आणि गंमत अशी की पेशंटलाही नेमकं हेच हवं असतं. मॅडम आहेत की नाहीत, कधी येणार, कुठे बसतात, किती घेतात.

पोस्ट १५०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण यादीत तिची पहिली एक-दोन ओळीच दिसते. म्हणून बातमी पहिल्या शब्दांत. ‘आमच्या सर्व सन्माननीय रुग्णांना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की’ इथपर्यंतच दिसलं तर माणसाला आनंद कळला, कारण कळलं नाही. मॅडम गावी गेल्या तेव्हाची पोस्ट हिंदीत केली, कारण वहीतले सगळे प्रश्न हिंदीत होते:

‘दवाखाना सोमवार से शुक्रवार बंद रहेगा। शनिवार सुबह 10 बजे से मैडम फिर बैठेंगी। बी.पी. और शुगर की दवा चल रही हो तो बंद होने से पहले आकर पर्ची लिखवा लें।’

तिसरं वाक्य बघा. पाच दिवस डॉक्टर नाही म्हणजे ज्याची गोळी बुधवारी संपणार त्याची पंचाईत. ते वाक्य वाचून आधीच्या शनिवारी माणसं चिठ्ठीला आली. पण नुसती पोस्ट टाकून भागत नाही. त्याच वेळी वेळांच्या भागात खास तारखांची वेगळी वेळ भरायची सोय आहे, तिथे ते पाच दिवस बंद दाखवायचे. क्रम असा ठेवा: आधी खास वेळ, मग पोस्ट. नाहीतर पोस्ट म्हणते बंद आणि वर हिरव्या अक्षरांत उघडं.

फोन नंबर पोस्टच्या मजकुरात लिहू नका, त्यामुळे पोस्ट नाकारली जाऊ शकते. त्यासाठी `Call now` हे बटण आहे. औषधांची नावंही नकोत, औषधांसारख्या नियंत्रित मालाबद्दलचा मजकूर गुगल पोस्टमध्ये चालू देत नाही. आणि पेशंटचा फोटो तर कधीच नको. लस घेऊन रडणाऱ्या बाळाचा गोड फोटो असतो, आईने हसत ‘टाका ना’ म्हटलेलंही असतं, तरीही नको. त्या बाळाचा आजार आणि पत्ता एकाच जागी जोडला जातो आणि गल्लीतले सगळे ते बघतात. दार, पाटी, बसायची जागा, रॅम्प यांचे फोटो टाका. दाराचा फोटो दिवसा आणि रात्री, असे दोन. रात्री गल्ली वेगळीच दिसते.

रमजानची पोस्ट हे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण आपल्या मोहल्ल्यात वर्षातला सर्वात मोठा वेळबदल तोच. मगरिबच्या वेळी दवाखाना रिकामा असतो, तरावीहनंतर गर्दी. मॅडमनी संध्याकाळची पाळी रात्रीकडे सरकवली. बहुतेक डॉक्टर एवढीच सूचना लावतात, रोजे सुरू झाल्यावर. पण मधुमेह आणि रोजा या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की मधुमेहीने रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं, म्हणजे रोजा ठेवणं कितपत धोक्याचं आहे हे बघता येतं आणि गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा व मात्रा बदलून घेता येतात. सहरी-इफ्तारच्या वेळेला स्वतःच्या मनाने इन्सुलिन पुढेमागे करणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. म्हणून आम्ही दोन पोस्ट केल्या, दोन वेगळ्या वेळी. पहिली शाबान लागण्याच्याही आधी:

‘मधुमेह आहे आणि रोजे ठेवायचे आहेत? आत्ताच येऊन दाखवा. सोबत चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि शेवटचा शुगरचा रिपोर्ट आणा. औषध स्वतःहून बंद करू नका, वेळही बदलू नका.’

दुसरी चांद दिसण्याच्या दोन-तीन दिवस आधी, नुसत्या वेळांची. पहिल्या पोस्टमध्ये कुठलाही दावा नाही, ‘आमच्याकडेच या’ नाही. ज्याचा डॉक्टर दुसरा आहे त्यालाही ती उपयोगाची आहे. अशा पोस्टचा एक जास्तीचा उपयोग मी पाहिला आहे. कोणी ‘शुगर डॉक्टर’ असं शोधलं की कधीकधी गुगल यादीत दवाखान्याच्या नावाखाली पोस्टमधलंच जुळणारं वाक्य उचलून दाखवतं. नेहमी नाही, आणि आपल्या सांगण्यावरून तर नाहीच. पण ते उचलायचं तर पोस्टमध्ये लोकांच्या तोंडचा शब्द असायला हवा. ‘मधुमेह’सोबत कुठेतरी ‘शुगर’ यायलाच हवा. पेशंट ‘हायपरटेन्शन’ शोधत नाही, ‘बीपी’ शोधतो.

किती वेळा पोस्ट टाकायची, हा प्रश्न नेहमी येतो. एजन्सी आठवड्याला तीनचा हिशेब लावते आणि मग जागतिक हास्यदिन, जागतिक झोपदिन असले फुलांचे फोटो टाकत बसते. पोस्ट टाकल्याने क्रम वर जातो असं गुगल कुठे म्हणत नाही. काही कळवण्यासारखं असेल तेव्हा टाका. माझ्या अंदाजाने छोट्या दवाखान्यात ते महिन्याला एक-दोनदा निघतंच. पावसाळा लागताना डेंग्यूच्या तापाबद्दल, शाळा सुरू होताना फिटनेस सर्टिफिकेटला काय कागद लागतात त्याबद्दल, सुट्टीबद्दल. पोस्टवर तारीख दिसते हे मात्र विसरू नका. साधी पोस्ट सहा महिन्यांनी मागे पडते, तोवर ती तिथेच असते. मार्चमध्ये जर सर्वात वर ‘दिवाळीनिमित्त बंद’ असेल तर नवा माणूस समजतो की दवाखाना तेव्हापासून बंदच आहे. ज्या सूचनेला शेवटचा दिवस आहे ती कार्यक्रम या प्रकारात टाका, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख भरता येते. किंवा चाचांनी परत आल्याच्या दिवशी जुनी पोस्ट काढून टाकायची. आमच्याकडे हे काम चाचांचं आहे आणि ते कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवतात. गुगलच्या कुठल्याही सोयीपेक्षा तो गोल मला जास्त खात्रीचा वाटतो.

हे सगळं करून फरक पडला का, ते कसं ओळखायचं? स्वतःच्या फोनवर, दवाखान्यात बसून स्वतःचं नाव शोधू नका. तिथे अंतर शून्य आहे, तुम्ही पहिलेच दिसणार. मिठानगरमध्ये किंवा भाग्योदयनगरमध्ये राहणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला त्याच्या घरून, लोकेशन चालू ठेवून, ‘लेडी डॉक्टर’ शोधायला सांगा आणि स्क्रीनचा फोटो मागवा. रात्री आठला एकदा आणि दुपारी तीनला एकदा. उंड्रीतून तुम्ही दिसला नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका, तिथल्या माणसाला तिथला डॉक्टर बरा. पाटीच्या आतल्या आकडेवारीत फोन किती आले, रस्ता किती जणांनी विचारला आणि कोणते शब्द शोधून लोक पोचले ते महिन्याच्या हिशेबाने दिसतं. शब्द खूप कमी वेळा शोधला असेल तर नुसतं १५ पेक्षा कमी एवढंच दिसतं, त्यावरून फार अर्थ काढू नका. शब्दांची यादी मात्र वाचा. मॅडमच्या यादीत ‘ड्रेसिंग’ हा शब्द परत परत दिसला. त्या ड्रेसिंग करतात, पण वर्णनात तो शब्दच नव्हता. आता सेवांच्या यादीत आहे.

आणखी एक तपासणी दर महिन्याला करा. पाटी फक्त तुमच्याच हातात नसते. रस्त्यावरचा कोणीही माणूस बदल सुचवू शकतो आणि गुगल कधीकधी तो मान्यही करतं. वेळ, फोन, ‘कायमचं बंद’ हा शेरासुद्धा. बदल झाला असेल तर आत गेल्यावर तो वेगळा दाखवलेला असतो, मान्य करा किंवा नाकारा. कोणी दुष्टपणे करतं असं नाही, बहुतेक वेळा दुपारी शटर बघून परत गेलेल्यानेच केलेलं असतं.

चाचांची वही अजून चालू आहे. ‘अभी खुला है क्या’च्या रेघा कमी झाल्या आहेत. आता वहीत सर्वात वर ‘रिपोर्ट व्हॉट्सअॅप पर भेज दूँ?’ हा प्रश्न आहे. त्याला काय उत्तर द्यायचं यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही, त्यामुळे वर्णनात ते तूर्त नाही. इथे बसलेल्या डॉक्टरांपैकी कोणी हे आपल्याकडे कसं हाताळता ते सांगितलंत तर मला ऐकायचं आहे. वहीचा नमुना आणि वर्णनाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे, ज्यांनी फोन आणलाय त्यांची पाटी आत्ताच उघडून वेळांचा रकाना बघू.